गणपती किती दिवसांचा?

माथेरानच्या माणसाला दवाखान्याची वेळ देणं हे काही सोपं काम नाही. नेरळमध्ये राहणाऱ्याला अकराची वेळ दिली की तो पावणेअकराला अंघोळीला जातो आणि सव्वाअकराला येऊन "फार उशीर नाही ना झाला?" असं विचारतो. वरच्या माणसाची अकराची वेळ सकाळी आठलाच सुरू होते. आधी बाजारातून दस्तुरीपर्यंत यायचं. पायी, घोड्यावर, ई-रिक्षात किंवा शटल गाडीत बसून अमन लॉजपर्यंत, जसं वय आणि जसा खिसा. तिथून पुढे मोटारीचं राज्य लागतं. तिथे टॅक्सीच्या सगळ्या सीटा भरेपर्यंत ताटकळायचं, नाहीतर एसटीची मिनीबस गाठायची. मग घाट उतरायचा, आणि खाली आल्यावर पाच मिनिटं डोकं धरून बसायचं, कारण घाटातली वळणं पोटात फिरत असतात. नेरळहून वर जाणारी १९०७ सालची छोटी गाडी पावसाळ्यात, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, विश्रांती घेते. तेव्हा ती धरायचीच नाही. एवढं सगळं करून आलेल्या माणसाला "आज डॉक्टर नाहीत" असं सांगायला जे काळीज लागतं ते माझ्याकडे नाही. म्हणून मी आदल्या रात्रीच फोन करते.

मी नेरळच्या एका लहानशा दवाखान्याचं टेबल सांभाळते. पाटीवर 'स्वागतकक्ष' असं लिहिलंय, पण पेशंटच्या लेखी मी 'नंबरवाली ताई'. हे नंबर मी एरवी वहीत सरळ एकाखाली एक लिहिते. संपाची बातमी आली की ती वही उपयोगाची राहत नाही. कारण वही घड्याळाप्रमाणे लावलेली असते आणि संप रस्त्याप्रमाणे येतो.

संप म्हटलं की लोक सगळ्या संपांना एकाच मापाने मोजतात. टेबलावर बसणाऱ्याला तसं करून चालत नाही. एसटीचा संप झाला तर पेशंट अडतात आणि डॉक्टर वेळेवर हजर असतात, कारण आमचे डॉक्टर कल्याणहून लोकलने येतात. लोकल बंद पडली तर उलटं होतं. मे २०१० मध्ये मोटरमननी आंदोलन केलं तेव्हा मुंबईच्या लोकल कोलमडल्या होत्या. तशा दिवशी माथेरानहून, कशेळेहून, कळंबहून सगळे पेशंट वेळेत हजर होतात आणि खुर्चीत डॉक्टर नसतात. तिसरा प्रकार टँकरचा. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत नव्या 'हिट अँड रन' कायद्याविरुद्ध ट्रक-टँकरचालकांनी गाड्या उभ्या केल्या आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. त्या संपात एसटी चालू असते, लोकल चालू असते, पण ज्याच्या भरवशावर आपण "रिक्षाने या हो" म्हणतो त्या रिक्षावाल्याच्या टाकीत किती आहे ते त्यालाच माहीत. म्हणून संपाची बातमी कानावर आली की माझा पहिला प्रश्न "कशाचा?" हा असतो. "किती दिवसांचा?" हा प्रश्न मी विचारतच नाही, कारण त्याचं उत्तर संप करणाऱ्यांनाही ठाऊक नसतं.

हे शेवटचं वाक्य मी उगाच लिहिलेलं नाही. २८ ऑक्टोबर २०२१ ला एसटीचा संप सुरू झाला तेव्हा "दिवाळीपर्यंत मिटेल" असं सगळेच म्हणत होते. दिवाळी झाली, संक्रांत झाली, शिमगा झाला. शेवटी उच्च न्यायालयाने कामगारांना २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर हजर व्हायला सांगितलं आणि मग गाड्या पूर्ववत झाल्या. त्याच्याआधीचा, ऑक्टोबर २०१७ मधला ऐन दिवाळीतला संप मात्र काही दिवसांतच आटोपला होता. आणि पहिल्या सकाळी दोन्ही संप अगदी सारखे दिसत होते. तेच बंद फाटक, तीच घोषणाबाजी, तीच स्टँडवर पिशव्या घेऊन बसलेली माणसं. तेव्हापासून माझा एक पक्का नियम आहे : पेशंटला "संप मिटला की या" असं कधीच सांगायचं नाही. ती वेळ नव्हे. तो नुसता टोलवाटोलवीचा प्रकार झाला. जी तारीख द्यायची ती अशी, की संप चालू राहिला तरी त्या तारखेला तो माणूस कसा येणार हे मला आणि त्याला दोघांनाही माहीत असेल.

आणि संप 'अचानक' होतो असं आपण म्हणतो, तेही पुरतं खरं नाही. कायद्याने एसटीसारख्या लोकोपयोगी सेवेत संपाआधी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस दिल्यावर चौदा दिवस तरी थांबावं लागतं. म्हणजे नोटीस पेपरात येते, आपण ती वाचतोही, आणि "होईल काहीतरी तडजोड" म्हणून पान उलटतो. वाटाघाटी आदल्या रात्री फिसकटतात. अचानक असतं ते फिसकटणं. म्हणून नोटिशीची बातमी वाचली की मी त्या तारखेच्या पानावर पेन्सिलीने एक बारीक फुली करून ठेवते आणि त्या दिवसाचे नंबर देताना पेशंटला एक जास्तीचा प्रश्न विचारते : "कशाने येणार?" उत्तर नंबराशेजारी लिहायचं. ए म्हणजे एसटी, टॅ म्हणजे टॅक्सी, लो म्हणजे लोकल, पा म्हणजे पायी. एवढ्याशा अक्षराने पुढची अर्धी रात्र वाचते.

सप्टेंबर २०२४ ची गोष्ट सांगते, म्हणजे हे अक्षर कसं उपयोगी पडतं ते कळेल. मंगळवारी, ३ तारखेपासून एसटी कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी बेमुदत काम बंदची हाक दिली होती. सोमवारी पोळा होता. शनिवारी, ७ तारखेला, गणेश चतुर्थी. म्हणजे अवघा महाराष्ट्र गावी जायच्या तयारीत असतानाचा मुहूर्त. संप करणाऱ्यांनी मुहूर्त नेमका धरला होता असं म्हणावं लागेल, आणि त्यात मला त्यांचा रागही नाही. ज्या दिवशी कुणाचंच अडत नाही त्या दिवशी संप करून काय उपयोग? शिवाय आमच्याकडची सिस्टर कडावहून एसटीनेच येते आणि तिचा चुलतभाऊ एसटीत वाहक आहे. म्हणजे आमच्या दवाखान्यात संपाच्या दोन्ही बाजूंना माणसं होती.

मंगळवारचं पान काढलं. त्यात 'ए' पुष्कळ होते, आणि ते साहजिक होतं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट आहे, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. आता सकाळच्या दवाखान्यात कोण येतं? म्हातारी माणसं आणि बायका. म्हणजे सरकारने दोन सवलती देऊन माझे सगळे पेशंट एका लाल गाडीत बसवले आणि ती गाडी मंगळवारी सुटते की नाही हे सोमवारी रात्री कुणालाच माहीत नव्हतं. राज्यात एसटीची अडीचशेच्या वर आगारं. अशा संपात काही कडकडीत बंद असतात, काही अर्धवट, काही चालू. कर्जतची काय स्थिती म्हणून तिघांना विचारलं तर तिघांनी तीन उत्तरं दिली, आणि तिघंही स्टँडसमोरच राहतात. अशा वेळी अर्धवट बंद म्हणजे पूर्ण बंद असंच धरून चालायचं. बंद धरलेली गाडी आली तर आनंदच आहे. पण चालू धरलेली गाडी आली नाही तर दस्तुरीवर पावसात एक म्हातारी उभी राहते.

फोन कुणाला आधी करायचा, हेही वहीतल्या क्रमाने ठरत नाही. जो घरातून सगळ्यात आधी निघतो त्याला सगळ्यात आधी. नेरळमधला नऊचा पेशंट साडेआठला निघतो. माथेरानचा अकराचा पेशंट साडेआठच्या आधी निघालेला असतो. म्हणून माथेरान पहिलं, मग कशेळे-कळंब, मग बाकीचे, आणि नेरळच्यांना फोनच नाही. माथेरानला फोन रात्री आठच्या आत लावायचा. पावसात वरची वीज गेली की माणसं मोबाईलची बॅटरी राखायला तो बंद करून झोपतात.

फोनवर काय बोलायचं यालाही एक शास्त्र आहे. "उद्याची वेळ रद्द" असं कधी सुरू करू नये. 'रद्द' हा शब्द ऐकला की माणूस पुढचं ऐकत नाही. तो फोन कानावरून काढून घरातल्यांना "रद्द झालं गं!" असं ओरडून सांगतो आणि तोपर्यंत तुम्ही सांगितलेले दोन्ही पर्याय हवेत गेलेले असतात. मी सुरुवातच पर्यायाने करते. "काका, उद्या डॉक्टर तुमच्याशी फोनवर बोलतील की गुरुवारी येताय?" मग ते विचारतात, "का, काय झालं?" आणि मग संपाचं सांगायचं. दोन पर्याय पुरे. तीन दिले की घरात चर्चा सुरू होते आणि मला "कळवतो" असं उत्तर मिळतं. 'कळवतो' म्हणणाऱ्याने आजवर कधी कळवलेलं नाही. मागोमाग तेच लेखी मेसेजने पाठवायचं, कारण तोंडी तारीख घरातल्या तिसऱ्या माणसापर्यंत पोचते तेव्हा ती दुसरीच झालेली असते.

आता 'फोनवर डॉक्टर' हा पर्याय सगळ्यांना देता येत नाही. करोनाच्या सुरुवातीला, २५ मार्च २०२० ला, केंद्र सरकारने दूरवैद्यकीय सल्ल्याची नियमावली काढली, तिच्यात हे बरंच नीट सांगितलेलं आहे. त्या पेशंटला त्याच दुखण्यासाठी डॉक्टरांनी गेल्या सहा महिन्यांत प्रत्यक्ष तपासलं असेल तर तो जुना पेशंट. त्याच्या चालू गोळ्या फोनवर पुढे चालू ठेवता येतात. पहिल्यांदाच येणाऱ्याला फोनवर द्यायच्या औषधांवर जास्त बंधनं आहेत. आणि काही गोळ्या, विशेषतः सवय लागणाऱ्या, फोनवरून कुणालाच लिहून देता येत नाहीत. दुसरं म्हणजे संमती. पेशंटने स्वतःहून फोन केला तर त्याची संमती धरलेलीच असते. पण इथे फोन मी करत होते. दवाखान्याने सुचवलं तर पेशंटने स्पष्ट 'हो' म्हटलेलं हवं आणि त्याची नोंद हवी. मेसेज चालतो, आवाजातला निरोपही चालतो.

पहिला फोन माथेरानच्या आजींना. आजी अठ्ठ्याहत्तरच्या, रक्तदाब आणि साखर दोन्ही. आधार कार्ड कायम पदराच्या गाठीला, कारण ते दाखवलं की मिनीबस फुकट. टॅक्सीने या म्हटलं तर म्हणाल्या, "फुकटची गाडी असताना पैसे देऊन यायचं, हे काय मला पटत नाही." गाडी उद्या असणार नाही हेच तर मी सांगत होते, पण तत्त्वापुढे इलाज नसतो. वही पाहिली. जूनमध्ये त्या येऊन गेल्या होत्या, म्हणजे सहा महिन्यांच्या आत. फोनवर चालणार होतं. पण डॉक्टरांना रक्तदाबाचा आकडा लागणार, म्हणून सकाळी नगरपरिषदेच्या बी. जे. रुग्णालयात जाऊन तो मोजून घ्यायचा आणि चिठ्ठीवर लिहून आणायचा असं ठरलं. रुग्णालय बाजाराच्या जवळ, तिथे जायला एसटी लागत नाही. संमतीसाठी नातवाने 'ओके' पाठवलं. मी म्हटलं, "बाळा, तुझं नको, आजींचं हवं." मग आजींचा आवाजी निरोप आला. चांगला लांबलचक. त्यात वरचा पाऊस, शेजारणीच्या कुत्र्याचं आजारपण आणि माझं लग्न कधी ठरतंय याची चौकशी होती. संमती मधे कुठेतरी होती. मी तो निरोप तसाच जपून ठेवला आहे, कारण कायद्याला 'हो' लागतं, 'हो'च्या आजूबाजूला काय असावं यावर बंधन नाही. मंगळवारी खिडकीशी रेंज धरून आजी डॉक्टरांशी बोलल्या. जाता जाता "ती झोपेची गोळी पण लिहा" म्हणाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, ती प्रत्यक्ष आल्यावर. सहीच्या चिठ्ठीचा फोटो नातवाच्या मोबाईलवर गेला आणि वरच्याच औषधाच्या दुकानातून गोळ्या आल्या. रक्ताचा नमुना तेवढा राहिला. तो फोनवरून घेता येत नाही.

दुसरा फोन घोडेवाल्या मामांना. पायाला टाके होते, मंगळवारी काढायचे. पायाचे टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत काढतात, त्यांचा बारावा दिवस होता. म्हणजे दोन दिवस पुढे सरकवायला जागा होती. मी तसं सांगायला गेले तर म्हणाले, "ताई, संप एसटीचा आहे. घोड्याचा नाही." वहीत त्यांच्या नावापुढे खरोखरच 'घो + टॅ' लिहिलेलं होतं. ते मी बघितलंच नव्हतं असं नाही. फोन त्यांच्या चुलत्यालाही निरोप जावा म्हणून केला होता, कारण चुलत्यांचा मोबाईल गेल्या पावसात पाण्यात पडल्यापासून तसाच आहे. मामा मंगळवारी ठरल्या वेळेला हजर. टाके निघाले आणि ते दुपारच्या आत पुन्हा दस्तुरीवर होते. ज्याची वाट संपाने अडलेली नाही त्याची वेळ हलवू नये. हे दिसायला साधं आहे, पण संपाच्या धांदलीत बरेच जण सरसकट सगळा दिवसच पुढे ढकलतात आणि जे येऊ शकत होते त्यांचीही पंचाईत करतात.

तिसरी केस मात्र खरी कठीण होती. कशेळ्याकडच्या एका वाडीतली मुलगी, पहिलं बाळंतपण, मंगळवारी सोनोग्राफी. ही पहिली महत्त्वाची सोनोग्राफी असते, बाळाच्या मानेमागची जाडी मोजण्याची. ती अकरा आठवडे पुरे झाल्यापासून तेरा आठवडे आणि सहा दिवसांपर्यंतच करायची असते. त्याच्या पुढे बाळ एवढं वाढतं की ते माप त्या कामाचं राहत नाही. मंगळवारी तिला तेरा आठवडे आणि दोन दिवस होत होते. म्हणजे शेवटचा दिवस शनिवार, आणि शनिवार म्हणजे गणेश चतुर्थी. त्या दिवशी कुठलं सेंटर उघडं असणार? सोनोग्राफीचे डॉक्टर आमच्याकडे फक्त मंगळवारी येतात. पुढचा मंगळवार १० तारीख, गौरी आवाहनाचा, आणि तोवर चौदा आठवडे उलटून गेलेले. मशीन उचलून वाडीवर नेता येत नाही, नोंदणी ठरावीक जागेची असते आणि कायदा त्याबाबत कडक आहे. ते बरोबरही आहे. इथे फोन उपयोगाचा नव्हता आणि नंतरची वेळही नव्हती. पोटातल्या कॅलेंडरला संपाच्या कृती समितीशी चर्चा करता येत नाही.

मग वेळ तीच ठेवायची आणि रस्ता बदलायचा, एवढंच हातात होतं. तिच्या दिराला फोन केला, त्याने वाडीतल्याच एका विक्रमवाल्याला सांगितलं. विक्रम भरल्याशिवाय निघत नाही, म्हणून त्याच भागातल्या आणखी दोन पेशंटना मी त्याच गाडीत बसायला सांगितलं आणि त्यांच्या वेळा एकमेकींना जोडून लावल्या, म्हणजे परत जातानाही गाडी भरलेली. त्यातली एक गुरुवारी चालली असती, पण तिला मंगळवारीच बोलावलं, कारण गाडी भरण्यासाठी तिची गरज होती. तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "म्हणजे मी भाड्यासाठी येतेय होय!" आणि आली. या कामात पेशंटशी खरं बोलावं, लोक समजून घेतात. लपवलं की मात्र त्यांना बरोबर कळतं.

आता राहिली ती 'नंतरच्या वेळे'ची मंडळी, ज्यांना फोनही नको होता आणि मंगळवारही जमणार नव्हता. बुधवार मी कुणालाच दिला नाही, कारण बुधवारी संप असेल की नाही माहीत नव्हतं. गुरुवार दिला, पण मोजून, अर्धाच. अर्धा रिकामा ठेवला, कारण संपानंतरच्या पहिल्या दिवशी न सांगता येणारे सांगून येणाऱ्यांपेक्षा जास्त असतात. शुक्रवारी हरतालिका. एका शिक्षिकाबाई म्हणाल्या, "मी शुक्रवारी संध्याकाळी येते, उपाशीपोटीचं रक्त द्यायचंय ना, नाहीतरी दिवसभर निर्जळी असते." त्यांची युक्ती मला मनापासून आवडली, पण लॅबवाल्याला आवडणार नव्हती. उपाशीपोटी म्हणजे रात्रीचे आठ-दहा तास, फार तर बारा. दिवसभराचा कडक उपवास नव्हे, त्याने आकडाच भलता येतो. आणि जेवणानंतर दोन तासांनी दुसरा नमुना द्यायचा असतो, तो हरतालिकेच्या दिवशी कसा देणार? त्यांचा फोन मात्र मी डॉक्टरांना आवर्जून जोडून दिला, कारण त्या साखरेच्या गोळ्या घेत होत्या आणि गोळी घेऊन उपाशी राहिलं की साखर भलतीच खाली जाऊ शकते. त्या दिवशीची गोळी घ्यायची की नाही, हे डॉक्टरांनी ठरवायचं. मी किंवा त्यांच्या सासूबाईंनी नव्हे. संप झाला नसता तर हा प्रश्न कुणी विचारलाच नसता, हेही खरं.

बाकी सगळ्यांचं उत्तर एकच : "गणपती झाल्यावर." हे उत्तर ऐकायला फार सोपं वाटतं आणि वहीत लिहायला फार कठीण आहे. कारण गणपती झाल्यावर म्हणजे कधी? दीड दिवसाचा असेल तर रविवारी, ८ तारखेला. गौरींबरोबर जाणारा असेल तर गुरुवारी १२ ला. दहा दिवसांचा असेल तर १७ ला अनंत चतुर्दशी, आणि त्या दिवशी रात्रीपर्यंत वाजतगाजत गेलेला माणूस १८ ला दवाखान्यात येण्याच्या स्थितीत नसतो. शिवाय घरचा दीड दिवसाचा, पण भावाचा पाच दिवसांचा आणि मंडळाचा दहा दिवसांचा, अशी माणसं तिन्ही ठिकाणी असतात. म्हणून त्या रात्री मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारत होते : "काका, तुमचा गणपती किती दिवसांचा?" माझ्या शेजारी बसलेल्या सिस्टरला वाटलं, मी वर्गणी गोळा करतेय. एका काकांनाही तसंच वाटलं असावं, कारण त्यांनी आधी "यंदा आमचा नाहीये" असं सांगितलं आणि मग हळूच "दवाखान्यासाठी विचारताय होय" म्हणून पाच दिवसांचा कबूल केला.

संप बुधवारी, ४ तारखेला, संध्याकाळी मिटला. मुख्यमंत्र्यांबरोबर बैठक झाली, मूळ वेतनात साडेसहा हजारांची वाढ ठरली, बातमी टीव्हीवर आली आणि पाच मिनिटांत माझा फोन वाजायला लागला. सगळ्यांचं एकच म्हणणं : "ताई, आता गाडी चालू झाली, मला उद्या पहिलाच नंबर द्या." बारा तारीख घेतलेल्यांनाही आता उद्याच हवं होतं. इथे मी कठोर होते. बदललेली वेळ संप मिटला म्हणून पुन्हा बदलायची नाही. एकाची बदलली की त्या जागी बसवलेल्या दुसऱ्याची हलते, तिसऱ्याची ढकलली जाते, आणि गुरुवारी सकाळी दहा वाजता सगळे जण एकाच बाकावर बसून एकमेकांना आपला मूळ नंबर सांगत बसतात. अपवाद एकच केला, आजींच्या रक्ताचा. त्यांना गुरुवारी पहाटेच्या मिनीबसने उपाशीपोटी बोलावलं. त्या आल्या, आधार कार्ड घेऊन, फुकट. आणि झोपेच्या गोळीची आठवण डॉक्टरांना करून द्यायला मला दारातच सांगून ठेवलं.

हे सगळं पाहून लोक म्हणतात की आता सगळं ऑनलाइन झालं पाहिजे, म्हणजे संपाची कटकटच नाही. मला ते फारसं पटत नाही. त्या मंगळवारच्या पानावरच्या नावांपैकी फोनवर भागलेली थोडी, वेळ पुढे गेलेली बरीच, आणि काही अशी की ज्यांना येण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. टाके, रक्त, सोनोग्राफी, छातीत दुखणं यांना खुर्ची आणि टेबलच लागतं. छातीत दुखतंय म्हणून फोन करणाऱ्याला तर मी वेळच देत नाही, सरळ १०८ लावायला सांगते. माथेरानला मोटारींना बंदी असली तरी रुग्णवाहिकेला नाही, आणि एसटीच्या संपाने ती अडत नाही.

पुढचा संप कधी होईल ते मला माहीत नाही, होणार एवढं नक्की. तुमच्याकडून एवढंच हवंय. नंबर घेताना कशाने येणार ते खरं सांगा. शेवटची चिठ्ठी आणि गोळ्यांची रिकामी पाकिटं एका पिशवीत ठेवा, म्हणजे फोनवर "ती गुलाबी गोळी" असं सांगावं लागणार नाही. आणि दवाखान्याचा नंबर मोबाईलमध्ये नावासकट साठवून ठेवा. अनोळखी नंबर म्हणून रात्री साडेसातला माझा फोन कापणारी माणसं सकाळी साडेआठला दस्तुरीवरून मलाच फोन करून विचारतात, "ताई, गाडी का नाही आली?"